थंड प्यालं की दातात सणकन कळ का येते, आणि ती कशी घालवायची

"वय 36, बेळगावजवळ राहतो. थंड पाणी नाहीतर लिंबू सोडा प्यालो की वरच्या डाव्या बाजूच्या दोन-तीन दातांना सणकन कळ येते आणि दोन-चार सेकंदात जाते. कीड नाही म्हणून सांगितलंय. सेन्सिटिव्ह पेस्ट 10 दिवस लावली, काहीच फरक नाही. दाताला नक्की होतंय काय आणि पुढं काय करू?"

आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे बाकी सगळं त्याच्यामागं येईल. तुमच्या दाताला जे कळतंय ते थंडपणा नाहीच, दाताच्या आतलं पाणी हललेलं कळतंय. विचित्र वाटेल पण तसंच आहे, आणि ही गोष्ट पटली की पेस्टला 10 दिवस का पुरत नाहीत, ती कशी लावायची, सोडा प्यायल्यावर लगेच ब्रश का करू नये, हे सगळं आपोआप समजतं.

दात वरून जो पांढरा चकचकीत दिसतो ते इनॅमल. त्याला नस नाही, त्यामुळं ते धडधाकट असेल तर बर्फ लावला तरी फार काही होत नाही. इनॅमलच्या खाली पिवळसर रंगाचं डेंटिन असतं आणि डेंटिनच्या मधोमध दाताची नस. आता हे डेंटिन भरीव नसतं. ऊस आडवा कापला की कापलेल्या तोंडावर बारीक बारीक ठिपके दिसतात बघा, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे आत उभा गेलेला एक धागा असतो, तशा डेंटिनमध्ये बाहेरून नसेपर्यंत गेलेल्या नळ्या असतात. फक्त त्या पोकळ असतात आणि डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक, बाहेरच्या तोंडाला साधारण 1 मायक्रॉन रुंद आणि नसेजवळ अडीच मायक्रॉनच्या आसपास. बाहेरच्या बाजूला 1 चौरस मिलिमीटर जागेत अशा साधारण 20 हजार नळ्या मावतात, नसेजवळ त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. प्रत्येक नळीत पाणी भरलेलं असतं आणि नळीच्या आतल्या टोकाशी नसेचे बारीक तंतू येऊन थांबलेले असतात.

नळ्यांची बाहेरची तोंडं बंद असतील तर काही प्रश्न नाही. ती उघडी पडली आणि त्यावर थंड लागलं की आतलं पाणी आकसतं आणि झटकन बाहेरच्या दिशेला सरकतं, त्या सरकण्यानं आतल्या टोकाचे तंतू ओढले जातात आणि तुम्हाला सणक येते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड गायसीनं 1900 मध्येच असं काहीतरी होत असणार म्हणून मांडलं होतं, पण ते प्रयोग करून पक्कं केलं स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉमनं 1960च्या दशकात. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो कारण तो अगदी साधा आहे. उघड्या डेंटिनवर कोरडा टीपकागद टेकवला की माणसाला कळ येते, आणि तोच कागद नळीतल्या पाण्याइतक्याच खारट पाण्यात भिजवून टेकवला की येत नाही. कागद थंडही नव्हता आणि आंबटही नव्हता, त्यानं फक्त नळीतलं पाणी शोषून घेतलं.

म्हणूनच एकाच दाताला चार वेगवेगळ्या गोष्टींनी तीच कळ येते. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडीवरून जाताना तोंड उघडं राहिलं तर वाऱ्यानं पाणी सुकतं. कुंदा खाल्ला तर गोडाच्या ओढीनं पाणी बाहेर येतं. नखानं नाहीतर ब्रशच्या केसानं घासलं तर ते दाबलं जातं. आणि थंडानं ते आकसतं. गरम चहानं पाणी उलट आत जातं, आणि नसेचे तंतू बाहेर जाणाऱ्या पाण्याला जास्त भडकतात, म्हणून या त्रासात गरमापेक्षा थंडाची तक्रार कितीतरी जास्त असते. कळ इतकी लवकर येते ना, की थंडी अजून नसेपर्यंत पोचलेलीच नसते. पाणी मात्र हललेलं असतं. हे सगळं थांबलं की पाणीही थांबतं, म्हणून दोन-चार सेकंदांत सगळं शांत.

आता हे एवढ्यावरच आहे असंही नाही हां. 2021 मध्ये उंदरांवर झालेल्या कामात असं दिसलं की डेंटिनच्या आतल्या बाजूला ज्या पेशी असतात त्यांच्यातच थंडी ओळखणारं एक प्रथिन असतं, टीआरपीसी5 नावाचं, आणि लवंगेतलं युजेनॉल ते थोपवतं. लवंगेचं तेल आपल्या आजीनं का लावलं असेल त्याला यातून आधार मिळतो. पण म्हणून निव्वळ तेल कापसावर घेऊन हिरडीला दाबून ठेवू नका, हिरडी भाजते आणि पांढरी पडते, आणि नळ्या आहेत तशाच उघड्या राहतात.

मग प्रश्न एवढाच राहतो की तोंडं उघडी पडली कशी. दोन गोष्टी व्हाव्या लागतात. एक म्हणजे डेंटिन बाहेर येणं, आणि ते बहुतेक वेळा हिरडी मागं सरकल्यामुळं येतं. मुळावर इनॅमल नसतंच, एक पातळसा थर असतो, तो घासून लवकर जातो. दुसरं म्हणजे बाहेर आलेल्या नळ्यांचं तोंड मोकळं होणं. नुसतं डेंटिन उघडं पडून चालत नाही. कितीतरी लोकांच्या हिरड्या भरपूर सरकलेल्या असतात आणि ते आइस्क्रीम चावून खातात, कारण त्यांच्या नळ्यांवर लाळेतल्या क्षारांचं झाकण बसलेलं असतं. 1987 मध्ये अॅब्सी, अॅडी आणि अॅडम्स यांनी सेन्सिटिव्ह आणि साधे असे दोन्ही प्रकारचे दात मायक्रोस्कोपखाली तपासले, तेव्हा सेन्सिटिव्ह दातांवर उघड्या नळ्या सुमारे आठपट निघाल्या आणि त्यांची रुंदी दुप्पट. रुंदी दुप्पट झाली की नळीतून जाणारं पाणी दुप्पट होत नाही, सोळापट होतं. म्हणजे उलट बाजूनं बघितलं तर नळी पूर्ण बुजली पाहिजे असंही नाही, अर्धी अरुंद झाली तरी कळ बरीच उतरते.

झाकण काढणाऱ्या दोनच मोठ्या गोष्टी मला रोज दिसतात, आंबट आणि घासणं, आणि दोन्ही एकामागोमाग झाले की सगळ्यात वाईट. इनॅमल साधारण 5.5 पीएचला विरघळायला लागतं, पण डेंटिन त्याच्या आधीच, 6.5च्या आसपास. लिंबू सोडा, कोला, कोकम सरबत, चिंचेचं पाणी हे सगळं त्याच्या बरंच खाली आहे. सोडा पिऊन झाल्यावर दाताचा वरचा थर थोडा वेळ मऊ पडलेला असतो, त्यातच ब्रश रगडला की तो थर निघून जातो आणि नळ्या ताज्या उघडतात. ताक-दह्याला मात्र घाबरायचं कारण नाही, आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम असल्यानं दाताला तितकं लागत नाही. हे मुद्दाम सांगतो कारण आमच्याकडे लोक "आंबट बंद" म्हटलं की पहिलं ताक सोडतात आणि सोडा चालूच ठेवतात.

आणि आपल्या भागात तिसरी एक गोष्ट आहे, मिश्री. निपाणी-चिक्कोडीकडं तर घराघरात. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा आणि बोटानं दाताला घासायचा. लोकांना वाटतं दात घट्ट होतात. ती खरखरीत असते, ती हिरडीच्या कडेवरच फिरते, आणि तंबाखू असल्यानं दिवसातून एकदा घासून भागत नाही. हिरडी सरकते, मूळ उघडं पडतं, आणि मुळाशी आडवी खाच पडते. तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच, ते वेगळं. लाल दंतमंजन आणि राखुंडीनं घासणं हे पण खरखरीतपणात त्याच रांगेतलं.

एक पेशंट सांगतो, म्हणजे हे प्रत्यक्षात कसं चालतं ते कळेल. निपाणीकडच्या एक मावशी, पंचेचाळिशीच्या. म्हणाल्या, "डॉक्टर, माठातलं पाणीबी सोसंना झालंय, डाव्या अंगाला सणकच मारती." सकाळी कडक ब्रश, मग दिवसातून तीन-चारदा मिश्री, आणि दुपारी शेतावरून आल्यावर लिंबू सरबत. कीड आहे का म्हणून मुलानं आणलं होतं.

बघायची पद्धत अशी की आधी नुसतं विचारायचं, दात कुठला दाखवा. त्यांनी डाव्या बाजूवर सगळा पंजाच ठेवला, तो बहुतेक लोक ठेवतात. मग एकेक दात सुटा करायचा, शेजारचे दोन दात बोटानं झाकायचे आणि साधारण 1 सेंटिमीटरवरून खुर्चीच्या हवेचा एक सेकंद फटका मारायचा. वरच्या डाव्या सुळ्याला त्यांनी दहापैकी सात सांगितले, पहिल्या उपदाढेला आठ, दुसऱ्या उपदाढेला पाच. सुईसारख्या हत्यारानं मुळाशी हलकं ओढलं तरी तेच तीन दात. पहिल्या उपदाढेला हिरडीजवळ पाचरीसारखी खाच होती, साधारण दीड मिलिमीटर खोल. उजव्या हातानं ब्रश धरणाऱ्यांचं डावीकडं जास्त झिजतं, त्यांचंही तसंच होतं, आणि तुमचंही डावीकडं आहे म्हणून विचारतो, ब्रश कुठल्या हातानं करता ते बघा.

पण हे तीन दात सापडले म्हणून तिथंच थांबायचं नसतं. कारण सेन्सिटिव्हिटी हे निदान बाकी काही नाही असं बघितल्यावरच करायचं असतं. कीड, तडा गेलेला दात, गळणारं जुनं सिमेंट, दात पांढरे करायची ट्रीटमेंट, नुकतंच केलेलं क्लिनिंग, नसेची सूज, हे सगळं थंडानं दुखतं. मावशींना उजवीकडं खालच्या दाढेतही "कधीकधी" थंड लागत होतं, ते त्या सांगायलाच विसरल्या होत्या. त्या दाढेला थंड लावलं तेव्हा कळ सेकंदात गेली नाही, अर्धा-पाऊण मिनिट रेंगाळली, आणि दाढेवर ठोकलं तर तेही दुखलं. एक्स-रेमध्ये जुन्या सिमेंटखाली कीड दिसली. तिथं पेस्ट लावून काहीच होणार नव्हतं, तिथं रूट कॅनल लागलं. एकाच तोंडात दोन वेगळे आजार, दोघांची सुरुवात "थंड लागतं" अशीच.

त्यामुळं घरी बसून ओळखायचं असेल तर कळ किती जोरात आहे ते बघू नका, ती थांबायला किती वेळ घेते ते बघा. थंड तोंडातून गेलं आणि पाच-दहा सेकंदात सगळं शांत, दुखणं हिरडीजवळच्या उघड्या मुळाला, चावताना काही नाही, रात्री झोप मोडत नाही, तर ती नळ्यांचीच गोष्ट असण्याची शक्यता जास्त. थंड गेल्यावरही ठणका मागं राहतो, आपोआप उठतो, रात्री जागं करतो, गरमानं वाढतो आणि गार पाण्यानं बरं वाटतं, तर नस सुजलीय. आणि भाकरी चावताना, त्यातही दाब सोडताना चमक येत असेल तर तडा गेलेला असू शकतो, तो साध्या एक्स-रेतही बऱ्याचदा दिसत नाही, त्याला चावून बघायची टेस्ट करावी लागते.

मावशींच्या तीन दातांचं काय केलं ते सांगतो. पहिल्या दिवशी कडक ब्रश काढून मऊ दिला, आणि हातात ब्रश कसा धरायचा ते आरशासमोर दाखवलं, मुठीत नाही, पेनसारखा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. सरबत बंद नाही केलं. उन्हातून आलेल्या माणसाला सरबत पिऊ नको म्हणणं मला पटत नाही. एवढंच सांगितलं की घोटघोट तासभर घेऊ नका, जेवणाबरोबर एकदम संपवा, मग साध्या पाण्यानं चूळ भरा आणि त्यानंतर अर्धा तास तरी ब्रश नको, मिश्री तर नकोच. मग दातांवर 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावलं. त्यानं नळ्यांच्या तोंडावर कॅल्शियम फ्लोराइडचे कण बसतात. त्या रात्रीपर्यंत ब्रश करायचा नाही आणि फार गरम, कडक खायचं नाही, बस.

घरी पेस्ट. आता इथं तुमच्या 10 दिवसांचं उत्तर आहे. दुकानात सेन्सिटिव्ह म्हणून दोन जातीच्या पेस्ट मिळतात आणि त्या वेगळ्या पद्धतीनं काम करतात, मागं छापलेलं वाचल्याशिवाय कळत नाही. पोटॅशियम नायट्रेट 5 टक्के लिहिलेली असेल तर ती नळ्या बुजवत नाही, पोटॅशियम नळ्यांतून आत जाऊन नसेच्या तंतूंना गप्प करतं. ते आत साठायला वेळ लागतो, बाहेर जाणारं पाणी त्याला सारखं मागं लोटतं, म्हणून दिवसातून दोनदा सलग लावली तर चार आठवडे, कधी आठ आठवडे लागतात, आणि बंद केली की फरक हळूहळू ओसरतो. दुसऱ्या जातीत स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन आणि कॅल्शियम कार्बोनेट, किंवा कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असतं, त्या नळ्यांच्या तोंडावर थर बसवतात आणि बऱ्याच जणांना फरक लवकर जाणवतो. तो थर आंबटानं निघू शकतो, म्हणून सोड्याचं गणित न सुधारता नुसती पेस्ट बदलत बसलात तर तेच ते होत राहणार. 10 दिवस पोटॅशियमच्या पेस्टला फार कमी आहेत.

लावायची पद्धत पण बघा. मोठा ढीग घेऊन जोरानं घासून लगेच तीन चुळा भरल्या तर औषध सगळं बेसिनमध्ये. मऊ ब्रशनं दोन मिनिटं, मग थुंकायचं, चूळ भरायची नाही किंवा अगदी थोडी, आणि रात्री झोपताना जिथं कळ येते तिथं वाटाण्याएवढी पेस्ट बोटानं हलकी चोळून तशीच ठेवायची. हे सगळ्या पेस्टना चालतं, आणि दाताच्या मुळाशी तेवढं तरी औषध टिकतं.

हे पण सांगितलं पाहिजे की अभ्यासांमध्ये साध्या पेस्टनंही बऱ्याच लोकांना आराम पडलेला दिसतो, औषध घेतोय या भावनेनं आणि नीट ब्रश करायला लागल्यानं. त्यामुळं कुठलीही पेस्ट "30 सेकंदात कायमचं बंद" म्हणत असेल तर जरा सबुरीनं घ्या.

मावशी दोन आठवड्यांनी आल्या तेव्हा सुळा सातवरून चारला आला होता, दुसरी उपदाढ दोनला. पहिली उपदाढ सहा. मिश्री एकवेळ राहिली होती, सकाळची, आणि ती सुटायला खूप जड जात होती. तंबाखूचं व्यसन आहे ते, सवय म्हणून सुटत नाही, म्हणून व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाला पाठवलं. सहा आठवड्यांनी सुळा आणि दुसरी उपदाढ एकवर, पहिली उपदाढ मात्र पाचवर अडकलेली. खाच खोल असेल तर असंच होतं, पेस्ट तिथं टिकत नाही आणि ब्रशचा केस दरवेळी खाचेतच शिरतो. मग ती खाच ग्लास आयोनोमर सिमेंटनं भरली, त्याच दिवशी हवेचा फटका मारला तर शून्य. दोन दातांना फरक दिसून तिसऱ्या दातानं ऐकलं नाही म्हणजे पेस्ट खोटी, असा अर्थ काढू नये, त्या दाताला पेस्टपेक्षा जास्त काही हवं होतं.

खाच नसेल आणि तरीही त्रास थांबत नसेल तर दवाखान्यात ग्लुटाराल्डिहाइड असलेलं डीसेन्सिटायझर लावता येतं, ते नळ्यांमधल्या प्रथिनांना गोठवून आतून अडवतं. हिरडी जास्त सरकली असेल आणि दिसायलाही त्रास असेल तर टाळूवरची त्वचा आणून हिरडी झाकायचं ऑपरेशन असतं, पण सगळ्या दातांना ते जमत नाही, शेजारच्या दातांमधलं हाड आणि हिरडी शाबूत लागते. आणि साध्या सेन्सिटिव्हिटीला रूट कॅनल हा पहिला उपाय नव्हे. निरोगी नस काढून टाकून कळ बंद होते हे खरं, पण दात कायमचा कमजोर होतो, म्हणून बाकी सगळं करून झाल्यावरच तो विचार करावा. कोणी पहिल्याच भेटीत तीन दातांचं रूट कॅनल सांगितलं तर एक्स-रे मागा आणि दुसऱ्याकडं दाखवा.

क्लिनिंगबद्दल विचारलं नाहीत पण हा गैरसमज दर आठवड्याला भेटतो. क्लिनिंग केल्यावर दात शिवशिवतात म्हणून लोक घाबरून परत येत नाहीत. मुळावर बसलेला दगड निघाला की खालचं मूळ उघडं पडतं, ते आधीपासूनच तसं होतं, फक्त घाणीनं झाकलं होतं. हा त्रास बहुतेकांना काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत कमी होतो, आणि दगड ठेवला तर हिरडी आणखी सरकून पुढं जास्त मूळ उघडं पडतं.

तुमच्यासाठी माझं सांगणं असं. पेस्ट बदलू नका, मागं लिहिलेलं वाचा, पोटॅशियम नायट्रेट असेल तर सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ लावा, स्टॅनस फ्लोराइड वगैरे असेल तर तीन-चार आठवडे पुरे. ब्रश मऊ घ्या. सोडा प्यायचा तर जेवणाबरोबर, नळीनं, मग चूळ, मग अर्धा तास थांबा. आरशात ओठ वर करून बघा, तिथं हिरडीच्या कडेला पिवळसर मूळ दिसतंय का आणि नख फिरवलं तर खाच लागते का. खाच लागत असेल तर सहा आठवडे थांबायचं कारण नाही, आत्ताच दाखवा. आणि मधल्या काळात कळ दोन सेकंदाऐवजी अर्धा मिनिट राहायला लागली, किंवा रात्री दुखायला लागलं, तर पेस्ट बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात त्या दाताचा एक्स-रे काढून घ्या.